मानशीला कामे किती? एका प्रश्नाची तीन बरोबर उत्तरे

वाचकाचे पत्र

मी गोव्यातल्या तिसवाडीतील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. दर शनिवारी दहा प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी वहीच्या पानावर हाताने लिहिते, तिचा फोटो काढते आणि पालकांच्या ग्रुपवर पाठवते. गेल्या वेळी एक प्रश्न नदीकाठच्या खाजन शेतीतल्या मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराबद्दल, असा होता: ‘खाजन शेतीत मानस कशासाठी असते? (अ) भरतीचे पाणी अडवण्यासाठी (ब) शेतातले पाणी बाहेर सोडण्यासाठी (क) मासे धरण्यासाठी (ड) भात साठवण्यासाठी.’ माझ्या मते उत्तर (अ) होते. पण कोणी (ब) लिहिले, कोणी (क), आणि एका पालकांनी ग्रुपवरच विचारले, ‘बाई, तिन्ही बरोबर नाहीत का?’ पाठवण्यापूर्वी मी पान दोनदा तपासले होते. आता वर ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ असे लिहिले तर भागेल का? पुढच्या शनिवारचे पान लिहून तयार आहे. ते कसे तपासू? आणि गेल्या चाचणीच्या गुणांचे काय करू?

— एक शिक्षिका

उत्तर

बाई, त्या पालकांचे म्हणणे खरे आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि नदीचे पाणी शेतात येऊ देत नाहीत. ओहोटी लागली की तीच दारे आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतात साठलेले पाणी बाहेर जाते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाळे लावून सुंगटे आणि शेवटे यांसारखी मासळी धरतात, आणि हा मासे धरण्याचा हक्क पावणी, म्हणजे लिलाव, करून दिला जातो. ज्या मुलाच्या घरी कोणी मानशीवर जाळे लावते, त्याने (क) लिहिले असेल तर त्याने पाहिलेले तेच लिहिले. तुमच्या प्रश्नात नुसता ‘कशासाठी’ हा शब्द आहे, आणि मानस या तिन्ही गोष्टींसाठी असते.

पत्रातील एका वाक्यावर मात्र मी थोडा अडखळलो. पान दोनदा तपासले होते, असे तुम्ही म्हणता. त्या दोन्ही वेळी तुम्ही नेमके काय तपासले, हे आठवून पाहा. बहुतेक शिक्षक अशा वेळी शुद्धलेखन पाहतात, क्रमांक पाहतात आणि आपण ठरवलेले उत्तर पर्यायांत आहे ना, एवढे पाहतात. ते उत्तर बरोबर असतेच, म्हणून प्रश्न बरोबर वाटतो. बाकीचे तीन पर्याय खरोखर चूक आहेत का, हे पाहायचे राहून जाते, कारण लिहितानाच आपण त्यांना ‘चुकीचे पर्याय’ असे नाव देऊन ठेवलेले असते. तुमचे तिसरे आणि चौथे वाचनही त्याच डोळ्यांनी झाले असते, आणि दोष तसाच राहिला असता.

म्हणून पुढच्या पानासाठी तपासण्याची रीतच बदला. पान लिहून झाल्यावर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि उत्तरसूची दुसऱ्या खोलीत ठेवा. मग प्रश्न आणि पर्याय जोडून प्रत्येक पर्यायाचे एक पूर्ण विधान करा आणि ते मोठ्याने वाचा. ‘मानस भरतीचे पाणी अडवण्यासाठी असते.’ खरे. ‘मानस शेतातले पाणी बाहेर सोडण्यासाठी असते.’ खरे. इथेच थांबायला हवे होते. चार विधानांपैकी एकच खरे निघाले तर प्रश्न टिकला. दोन निघाली तर तो परत लिहायचा. विधाने शेवटच्या पर्यायापासून वर वाचत यावे, असे मी सुचवेन, कारण वरून वाचताना आपले आवडते उत्तर आधीच सापडले की पुढचे वाचन ढिले पडते.

याच्या पुढची पायरी थोडी कष्टाची आहे. जे विधान खोटे वाटते त्याची बाजू एखाद्या हट्टी वकिलासारखी मांडून पाहायची: हे कोणत्या ठिकाणी, कोणत्या ऋतूत, कोणाच्या दृष्टीने खरे ठरेल? दहा प्रश्नांचे मिळून वीस-तीस चुकीचे पर्याय असतात. अर्ध्या तासात हे काम होते. ज्या पर्यायाची वकिली करताना तुम्हाला स्वतःलाच पटू लागते, तो पर्याय बदला किंवा प्रश्नात एखादी अट घाला.

‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ ही सूचना इथे मदतीला येणार नाही. योग्यतेचे माप प्रश्नातच दिलेले असेल तर ती सूचना चालते. मानशीचा मुख्य उपयोग कोणता, असे शेतकऱ्याला विचारले तर तो एक सांगेल आणि मासे धरण्याचा हक्क घेतलेला माणूस दुसरा सांगेल. दहा वर्षांच्या मुलाने यांतले कोणाचे माप धरायचे? ती सूचना लिहिल्यावर मुले मानशीचा विचार सोडून बाईंच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू लागतात. ‘वरील सर्व’ हा पर्याय घालण्याचा मोहही टाळा. दोन पर्याय खरे आहेत एवढे ओळखलेले मूल तिसऱ्याचा विचार न करताच ‘वरील सर्व’ लिहिते आणि गुण मिळवते.

आता तोच प्रश्न दुरुस्त करून पाहू, कारण दुरुस्तीतही खड्डे आहेत. पहिला सरळ उपाय म्हणजे प्रश्न अरुंद करणे: ‘भरतीच्या वेळी मानशीची दारे बंद होतात. त्यामुळे शेताचे रक्षण कशापासून होते? (अ) खाऱ्या पाण्यापासून (ब) किडीपासून (क) गुरांपासून (ड) उन्हापासून.’ संदिग्धता गेली, पण प्रश्नही गेला. भरती हा शब्द वाचल्यावर खाजन कधी न पाहिलेले मूलही (अ) लिहील. पर्याय एकमेकांपासून फार दूर नेले की दोन बरोबर उत्तरे होण्याची भीती संपते आणि त्याबरोबर प्रश्न विचारण्याचे कारणही संपते.

चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्यावे लागतात. चौथीच्या मुलाचा इथे होणारा खरा गोंधळ म्हणजे भरतीला पाणी कोणत्या बाजूला वाहते हा. त्यामुळे मी असे लिहीन: ‘शेतात भाताचे पीक उभे आहे. भरतीच्या वेळी मानशीची दारे मोडून उघडी राहिली, तर काय होईल? (अ) नदीचे खारे पाणी शेतात शिरेल (ब) शेतातले पाणी नदीत निघून जाईल (क) शेतातले पाणी आहे तेवढेच राहील.’ तीनच पर्याय दिले आहेत, कारण चौथा मला सुचला नाही. जो ओढूनताणून सुचला तो कोणीही निवडला नसता. पर्याय चारच असले पाहिजेत असा नियम घरगुती चाचणीला तरी नाही.

आता वकिली. (ब) ओहोटीला खरे ठरेल, पण प्रश्नात भरती म्हटले आहे, चूकच. (क) मानस नीट असती तर काही वेळापुरते खरे ठरले असते, पण दारे उघडी आहेत; चूक. ‘पीक उभे आहे’ ही अट आपण का घातली? कारण पीक काढल्यानंतर काही ठिकाणी मुद्दाम दारे उघडून मासळीसाठी पाणी आत घेतात, आणि तेव्हा ‘काय होईल’ याचे उत्तर नुकसान नसते. राहिला (अ). हा बरोबर, म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडणार. पण बरोबर पर्यायाचीही उलट तपासणी करायची असते. भाताचे पीक पावसाळ्यात उभे असते आणि पावसाळ्यात मांडवी-झुआरीला डोंगरांवरून इतके गोडे पाणी येते की पात्रातला खारटपणा पुष्कळ कमी होतो. एखाद्या शेतकऱ्याचा नातू म्हणेल, ‘बाई, जुलैत नदीचे पाणी खारे कुठे असते?’ आणि मग कोणताच पर्याय पूर्ण बरोबर राहणार नाही. ‘खारे’ हा शब्द काढून नुसते ‘नदीचे पाणी शेतात शिरेल’ असे लिहिले की प्रश्न सुटतो. खारटपणा विचारायचाच असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न करा. एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्या की अर्धे बरोबर, अर्धे चूक असे पर्याय तयार होतात.

हे बारकावे विषय जाणणाऱ्या माणसालाच दिसतात. म्हणून दुसऱ्याकडून तपासून घेताना दोन प्रकारची माणसे निवडा. एक सहकारी शिक्षिका, जिने तो धडा शिकवला आहे. आणि एक असा माणूस, ज्याने तुमचे पुस्तक पाहिलेले नाही पण गोष्ट पाहिली आहे. दोघांनाही उत्तरसूची देऊ नका आणि ‘बरोबर आहे ना?’ असेही विचारू नका, कारण त्या प्रश्नाला लोक हो म्हणतात. त्यांना चाचणी सोडवायला द्या आणि पेन कुठे थबकले ते पाहा.

सगळी संदिग्धता पर्यायांत नसते. कित्येकदा ती प्रश्नातल्या एका निसटत्या शब्दात असते. ‘गोव्यातील सर्वांत मोठी नदी कोणती?’ हा प्रश्न मी अनेक चाचण्यांत पाहिला आहे आणि मांडवी व झुआरी हे दोन्ही पर्याय त्यात शेजारीशेजारी असतात. मोठी म्हणजे लांब, रुंद की जास्त पाण्याची? लांब म्हटले तरी मांडवी कर्नाटकात उगम पावून गोव्यात येते, तर झुआरी गोव्यातच उगम पावते; मग लांबी उगमापासून मोजायची की सीमेपासून? ‘उगमापासून मुखापर्यंत गोव्यातूनच वाहणारी नदी यांपैकी कोणती?’ असे विचारले की माप प्रश्नातच येते, मात्र पर्यायांत तशी दुसरी नदी, म्हणजे साळ वगैरे, नको. ‘गोवा भारतात केव्हा समाविष्ट झाला?’ हाही तसाच. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. घटनेत गोव्याला केंद्रशासित प्रदेश म्हणून स्थान देणारी बारावी दुरुस्ती १९६२ ची, तीही २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरलेली. आणि घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ चा. पर्यायांत १९६१ आणि १९६२ दोन्ही असतील तर जाणकार पालक १९६२ साठी भांडू शकतो. ‘गोवा मुक्तिदिन कोणत्या तारखेला असतो?’ या प्रश्नावर कोणी भांडणार नाही.

मराठीची स्वतःची एक गंमत आहे, तीही पाहून घ्या. रिकाम्या जागेचे वाक्य असेल तर क्रियापदाचे लिंग उत्तर फोडते. ‘मानशीजवळ ____ लावलेले असते’ असे लिहून जाळे, होडी आणि खांब असे पर्याय दिले, तर ‘लावलेले असते’ या शब्दांशी जाळेच जुळते. मूल खाजन न जाणता व्याकरणावर गुण मिळवते.

एवढे झाल्यावर फोटोकडे येऊ. तुम्ही पान तपासता आणि मुले फोटो वाचतात. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून तपासणीची शेवटची फेरी कागदावर न करता फोटोवर करा, आणि तीही तो फोटो ग्रुपवर ज्या रूपात जातो त्या रूपात. पाठवताना फोटोचा आकार लहान केला जातो आणि बारीक खुणा पुसट होतात. आधी स्वतःच्या घरातल्या दुसऱ्या, शक्यतो लहान पडद्याच्या फोनवर तो पाठवा आणि तिथे न ताणता वाचा.

फोटोमुळे दोन बरोबर पर्याय कसे तयार होतात, याचा एक नमुना सांगतो. एकदा मी शेजारच्या मुलासाठी लिहिले होते: ‘१२.५० रुपये म्हणजे किती पैसे? (अ) १२५ (ब) १२५० (क) १,२५,०००.’ कागदावर प्रश्न निर्दोष होता. फोटोत दशांशचिन्ह गेले आणि ‘१२५० रुपये’ उरले. त्याचे उत्तर (क), आणि तो पर्याय मीच मोठ्या हौसेने दिलेला! मुलाने (क) लिहिले आणि मी त्याला दशांश परत समजावू लागलो. पंधरा मिनिटांनी त्याच्या आईने फोन माझ्यापुढे धरला. प्रश्न पैशांच्या रूपांतराचा असेल तर ‘१२ रुपये ५० पैसे’ असे लिहून बिंदू टाळता येतो. पण दशांशाचे वाचन हेच तपासायचे असेल तर बिंदू टाळून चालणार नाही. तो जाड करावा लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी लागते.

बिंदूचा उलटा त्रासही होतो. पातळ पानाच्या मागच्या बाजूची शाई फोटोत उमटते आणि शब्दावर नको तिथे अनुस्वार येतो, किंवा खरा अनुस्वार डाग समजून वाचला जातो. चाचणीसाठी पान एकाच बाजूला लिहा आणि फोटो काढताना खाली कोरा पांढरा कागद ठेवा. हाताने लिहिलेले घ आणि ध, भ आणि म, तसेच १ आणि ९ पुसट फोटोत एकमेकांसारखे दिसतात. हे अक्षर किंवा अंक ज्या पर्यायात निर्णायक आहे तेवढेच तपासले तरी पुरते. ‘यांपैकी कोणते नाही’ असा प्रश्न असेल तर ‘नाही’ शब्द ओळीच्या शेवटी येऊ देऊ नका, कारण पानाची कड वळलेली असली की पहिल्यांदा तोच कापला जातो आणि मग एक सोडून सगळेच पर्याय बरोबर होतात. खरे तर चौथीसाठी नकारार्थी प्रश्न मी देणारच नाही.

आता झालेल्या चाचणीचे. सगळी तपासणी करूनही एखादा प्रश्न निसटतो आणि तो मुलांच्या उत्तरांतून ओळखता येतो. एकूण गुणांनुसार कागद लावा. वर्गात २४ मुले असतील तर वरची आठ पाहा. त्या आठांतली निम्मी (अ) आणि निम्मी (ब) म्हणत असतील तर दोष बहुधा प्रश्नाचा आहे. वरची जवळजवळ सगळी (अ) आणि खालची बरीचशी (ब) म्हणत असतील तर प्रश्न ठीक असण्याची शक्यता अधिक आहे आणि धडा परत घ्यावा लागेल. इतक्या थोड्या मुलांवरून हा निकाल मानू नका. कोणता प्रश्न परत वाचायचा, एवढेच त्यावरून कळते.

मानशीचा प्रश्न रद्द करू नका. रद्द केला तर बरोबर उत्तर लिहिलेल्या मुलांचा गुण जातो, आणि तुमच्या त्या प्रश्नात बरोबर उत्तर लिहिणारी मुले बरीच आहेत. (अ), (ब) आणि (क) या तिघांनाही पूर्ण गुण द्या, (ड) ला देऊ नका. ज्याने जागा कोरी ठेवली असेल त्याला जवळ बोलावून का ठेवली ते विचारा. ‘दोन बरोबर वाटली’ असे म्हणाला तर त्यालाही गुण द्या. फोटोत प्रश्नच वाचता येत नव्हता, अशा वेळी मात्र तो सर्वांसाठी काढून टाकणे योग्य, कारण तिथे कोणीच खऱ्या प्रश्नाला उत्तर दिलेले नसते.

ग्रुपवर लांब खुलासा नको. एवढे पुरे: ‘मानशीच्या प्रश्नाचे (अ), (ब), (क) हे तिन्ही पर्याय बरोबर आहेत. प्रश्न लिहिताना माझी चूक झाली. तिन्हींना गुण दिले आहेत. ज्यांच्या घराजवळ मानस आहे त्यांनी भरती आणि ओहोटीच्या वेळी तिची दारे मोठ्यांच्या सोबत पाहून यावीत. सोमवारी वर्गात आपण त्यावर बोलू.’